दूध संकलनाच्या ॲपची एपीआय बदलली, जुनी व्हर्जन्स चालू ठेवली: प्रकल्प नोंदी

सोमवार, २ जून २०२५

काम काय आहे ते आधी. आमचं ॲप दूध संस्थांसाठी आहे. संकलन केंद्रावर सचिव त्यात लिटर, फॅट आणि एसएनएफ टाकतात, शेतकऱ्याला स्वतःच्या मोबाइलवर रोजची नोंद आणि दहा दिवसांचं बिल दिसतं. ॲप फक्त अँड्रॉइडवर आहे. सर्व्हर आता `v1` वरून `v2` वर न्यायचा आहे.

बदलाचं कारण पैसे. `v1` मध्ये रक्कम रुपयांत, दशांश चिन्हासह जाते. ७.३ लिटर, दर ३४.७०, म्हणजे २५३.३१. एका नोंदीला अडचण येत नाही, पण दहा दिवसांच्या वीस नोंदींची बेरीज मोबाइलवर वेगळी आणि सर्व्हरवर वेगळी येते. दोन पैशांचा फरक असतो, पण बिलावर फरक दिसला की शेतकरी सचिवांना विचारतो आणि सचिव आम्हाला. `v2` मध्ये रक्कम पैशांत, पूर्ण आकड्यात जाईल: २५३३१. त्याच वेळी सर्व्हरचा तो भाग नोडमधून काढून गो भाषेत लिहिला आहे. दोन्ही बदल एकदम करणं शहाणपणाचं नव्हतं, हे लिहून ठेवतो. पुढच्या निम्म्या नोंदी त्याच्याच आहेत.

योजना साधी वाटत होती. `/v2/` नवीन, आणि `/v1/` म्हणजे `v2` वर बसवलेला एक पातळ थर, जो उत्तर जुन्या रूपात बदलून देतो. जुन्या ॲपला काही कळणारच नाही. माझा अंदाज होता आठ दिवस.

बुधवार, ४ जून

आधी एक प्रश्न: बाहेर नक्की कोणती व्हर्जन्स जिवंत आहेत? प्ले कन्सोल इन्स्टॉल झालेली व्हर्जन्स दाखवतं, पण केंद्रांवरचे बरेच मोबाइल असे आहेत की ॲप कुणीतरी शेअरइटने किंवा व्हॉट्सॲपवर एपीके पाठवून टाकलेलं. त्यामुळे भरवसा ॲक्सेस लॉगवरच.

तिथे पहिली ठेच. `X-App-Version` हा हेडर आम्ही ३.४ पासून पाठवायला लागलो. त्याआधीची सगळी व्हर्जन्स लॉगमध्ये बिनचेहऱ्याची. सुटका `User-Agent` ने झाली. आम्ही तो कधी बदललाच नव्हता, त्यामुळे ओकेएचटीटीपी लायब्ररी स्वतःचं नाव लिहीत होती. `okhttp/3.12.1` म्हणजे आमचं २.६ किंवा २.९, `okhttp/4.9.0` म्हणजे ३.१. गिटमधल्या जुन्या टॅगवर `build.gradle` उघडून ही जोडणी लावली. २.६ आणि २.९ मात्र यावरून वेगळे करता येत नाहीत. ते कुठल्या पत्त्यावर विनंती करतात त्यावरून केले, कारण २.९ मध्ये एक जास्तीची विनंती आहे.

एक चूक: आधी विनंत्या मोजल्या, मोबाइल मोजले नाहीत. २.६ चा वाटा प्रचंड दिसला आणि माझी झोप उडाली. मग टोकनप्रमाणे मोजलं तर फक्त ४३ मोबाइल. त्यातले काही नोंद पोचली नाही की दर दहा सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करत होते, म्हणून आकडा फुगला होता. पण हे ४३ सगळेच्या सगळे केंद्रांवरचे आहेत, शेतकऱ्यांचे नाहीत. म्हणजे एकेका मोबाइलमागे शंभर-दीडशे खातेदार. टक्क्यांत किरकोळ, दुधात नाही.

ठरलं: २.६, २.९, ३.१ आणि ३.४ ही चार व्हर्जन्स तपासायची.

शुक्रवार, ६ जून

जुनं ॲप मिळवायला अख्खा दिवस गेला. मला वाटलं होतं, गिट टॅगवर जाऊन बिल्ड करू. २.६ ची बिल्ड दोन मिनिटांत कोसळली, कारण त्यातल्या दोन लायब्ररी जेसेंटरवर होत्या आणि ते भांडार आता बंद आहे. मागणी मेव्हन सेंट्रलकडे वळवली जाते, तिथे त्या दोन लायब्ररी नाहीत. त्यांच्या जागी नव्या लायब्ररी घालून बिल्ड होईलही, पण मग ते २.६ राहणार नाही. मला शेतातलं ॲप तपासायचं आहे, त्याच्यासारखं दिसणारं नाही.

उत्तर प्ले कन्सोलमध्येच होतं. ॲप बंडल एक्सप्लोररमध्ये जुनं प्रत्येक व्हर्जन निवडून उतरवता येतं. चारही एपीके तिथून घेतली आणि एका फोल्डरमध्ये तारखेसह ठेवली. यापुढे प्रत्येक रिलीझची एपीके त्याच दिवशी तिथे जाणार.

एक गोष्ट सांगून ठेवतो, म्हणजे तुमचा तासभर वाचेल. स्वतः बिल्ड केलेलं ॲप आणि प्लेवरचं ॲप यांची सही वेगळी असते. एकावर दुसरं टाकायला गेलं की `INSTALL_FAILED_UPDATE_INCOMPATIBLE` येतं. आधी काढून टाकायचं, मग नवं टाकायचं. काढलं की आतला डेटा जातो, हेही लक्षात ठेवायचं.

सोमवार, ९ जून

जुन्या रिलीझ ॲपमध्ये सर्व्हरचा पत्ता कोरलेला आहे, तोही एचटीटीपीएस. त्याला चाचणीच्या सर्व्हरकडे कसं वळवायचं? मोबाइलच्या सेटिंगमधून आपलं प्रमाणपत्र टाकून उपयोग नाही. अँड्रॉइड ७ पासून नव्या ॲपना वापरकर्त्याने टाकलेली प्रमाणपत्रं चालत नाहीत, सिस्टिमच्या साठ्यातलीच लागतात.

मग एम्युलेटर घेतला. प्ले स्टोअर असलेली इमेज नको, तिच्यावर रूट मिळत नाही. 'गुगल एपीआयज' म्हणून येते ती घ्यायची. मी अँड्रॉइड ९ घेतलं, कारण अँड्रॉइड १४ पासून प्रमाणपत्रांचा साठा वेगळ्या ठिकाणी हलवला आहे आणि तिथे लिहिणं जिकिरीचं आहे.

```
H=$(openssl x509 -subject_hash_old -noout -in ca.pem)
cp ca.pem $H.0
emulator -avd juna28 -writable-system &
adb wait-for-device
adb root && adb remount
adb push $H.0 /system/etc/security/cacerts/
adb push hosts /system/etc/hosts
adb reboot
```

`hosts` फाइलमध्ये आमच्या डोमेनसमोर `10.0.2.2` लिहिलं. एम्युलेटरच्या आतून लॅपटॉपचा पत्ता तोच असतो. लॅपटॉपवर ४४३ पोर्टला एनजिनएक्स, त्याला आमच्याच प्रमाणपत्राने सही केलेलं सर्टिफिकेट. आमच्या ॲपमध्ये सर्टिफिकेट पिनिंग नाही म्हणून हे चाललं. तुमच्यात असेल तर हा रस्ता बंद आहे. मग खऱ्या सर्व्हरवरच एका डेमो संस्थेची वाहतूक लोड बॅलन्सरवरून नव्या कोडकडे वळवावी लागेल.

संध्याकाळी २.६ उघडलं, लॉगिन झालं, जुनी बिलं दिसली. चहा प्यायला गेलो.

बुधवार, ११ जून

काल दिवसभर २.६ आणि २.९ वर सगळे प्रकार तपासले. सकाळची नोंद, संध्याकाळची नोंद, दुरुस्ती, बिल, खातेदार शोधणं. सगळं हिरवं. एवढं हिरवं बघून संशय यायला हवा होता, तो आज सकाळी सहकाऱ्याने घेतला. तिने विचारलं, "अरे, तुझ्या नोंदी खऱ्या डेमो संस्थेत कशा दिसतायत?"

झालं असं. काल सकाळी एम्युलेटर मी अँड्रॉइड स्टुडिओच्या बटणावरून सुरू केला. `-writable-system` दिलं नाही तर तो मूळ इमेज घेतो, त्यात ना माझी `hosts` ना माझं प्रमाणपत्र. जुनं ॲप निमूटपणे खऱ्या जुन्या सर्व्हरशी बोलत होतं. जुनं ॲप जुन्या सर्व्हरवर चालतं, हे मी दिवसभर सिद्ध केलं. खोट्या ३७ नोंदी डेमो संस्थेतच गेल्या, हे नशीब. खऱ्या संस्थेचं लॉगिन वापरलं असतं तर त्या बिलात दिसल्या असत्या.

आता नव्या सर्व्हरच्या प्रत्येक उत्तरात `X-Build` हेडर जातो, आणि प्रत्येक चाचणीआधी एनजिनएक्सच्या लॉगमध्ये विनंती येताना डोळ्यांनी बघतो. लॉग हलला नाही तर चाचणी झालीच नाही. एक दिवस वाया.

गुरुवार, १२ जून

हाताने चाचणी करण्याआधी यंत्राने जेवढं होईल तेवढं उरकावं म्हणून जुन्या आणि नव्या सर्व्हरच्या उत्तरांची तुलना लावली. एका दिवसाच्या ॲक्सेस लॉगमधून फक्त `GET` विनंत्या घेतल्या, पुनरावृत्ती काढून साधारण १,८०० उरल्या. डेटाबेसची एकच प्रत दोन्ही सर्व्हरना दिली आणि दोघांना तेच प्रश्न विचारले. उत्तराचा आकार, म्हणजे कोणती किल्ली आहे आणि तिचा प्रकार काय, हे `jq` ने काढलं:

```
jq -c '[paths(scalars) as $p
  | [($p|map(if type=="number" then 0 else . end)),
     (getpath($p)|type)]] | unique'
```

सहा फरक सापडले, सहाही दुपारपर्यंत दुरुस्त. त्यातला एक सांगण्यासारखा: गोमध्ये `omitempty` लावलेलं फील्ड रिकामं किंवा शून्य असलं की किल्लीच गायब होते. कपात शून्य असलेल्या बिलात `kapat` नव्हतंच. जुन्या ॲपमध्ये जेसन वाचायला जीसन आहे. आकडा असेल तर तिथे शून्य भरतं आणि काही बिघडत नाही. पण `shera` हे मजकुराचं फील्ड गेलं की तिथे `null` बसतं. कॉटलिनमध्ये ते फील्ड 'कधीच रिकामं नसतं' असं जाहीर केलेलं असलं तरी जीसन मागच्या दाराने वस्तू तयार करतं, त्यामुळे तपासणी होतच नाही. ॲप तिथे पडत नाही, दोन स्क्रीन पुढे शेरा दाखवायला गेल्यावर पडतं. क्रॅश रिपोर्ट बघून कारण सापडणं अवघड.

`v1` च्या थरातून सगळे `omitempty` काढले. तुलना हिरवी झाली.

सोमवार, १६ जून

हिरवी झालेली तुलना खोटी होती. आज ३.१ वर एका नव्या खातेदाराचं बिल उघडलं आणि ॲप बंद पडलं.

त्या खातेदाराची या दहा दिवसांत एकही नोंद नव्हती. नोड सर्व्हर अशा वेळी `"nondi": []` द्यायचा. गोचा नवा कोड `"nondi": null` देतो. कारण एवढंच:

```go
var nondi []Nond          // JSON: null
nondi := make([]Nond, 0)  // JSON: []
```

ॲपने `null` वर फेरी मारायला सुरुवात केली आणि संपलं. गाय आटली की असं प्रत्येक गावात होतं. माझ्या सगळ्या चाचणी खात्यांवर मात्र रोज भरपूर दूध येत होतं.

पण लॉगमधल्या १,८०० विनंत्यांत असे खातेदार नक्कीच होते. मग तुलनेत का नाही आलं? दोन तास डोकं खाजवल्यावर कळलं की चूक माझ्या `jq` च्या ओळीत आहे. `paths(scalars)` हे `null` गाळतं, कारण आतली चाळणी `null` ला 'नाही' समजते. `false` चंही तेच होतं. आणि रिकामी यादी तर साधी किंमतच नाही, त्यामुळे तीही गळते. `[]` आणि `null`, दोन्ही माझ्या चाळणीतून अदृश्य. ज्या फरकासाठी चाळणी लावली तोच फरक ती खात होती.

`paths(scalars)` च्या जागी नुसतं `paths` लिहिलं. चौदा नवे फरक वर आले. त्यातले नऊ याच `null` जातीचे, चार `false` असलेल्या किल्ल्यांचे, आणि एक खराखुरा गोंधळ: खातेदाराचा बँक तपशील नसेल तर जुना सर्व्हर `{}` द्यायचा, नवा `null`.

याच दिवशी दुसरी गोष्टही लक्षात आली. आकाराच्या तुलनेत २५३.३१ आणि २५३३१ दोन्ही 'आकडा' आहेत. पैशांचं फील्ड चुकून पैशांतच गेलं तर ॲप पडणार नाही, फक्त शंभरपट रक्कम दाखवेल. सगळ्या चुकांत हीच वाईट, कारण कुठलाही क्रॅश रिपोर्ट येत नाही. म्हणून रकमेच्या किल्ल्यांची किंमतही ताडून बघायला लागलो, दोन पैशांपर्यंतचा फरक माफ.

गुरुवार, १९ जून

आता लिहिणाऱ्या विनंत्या. यांना लॉगमधून परत चालवता येत नाही, म्हणून हाताने.

केंद्रावर रेंज जाते तेव्हा नोंद मोबाइलमध्ये साठते आणि रेंज आली की जाते. म्हणजे जुन्या ॲपने आज साठवलेली नोंद तीन दिवसांनी नव्या सर्व्हरवर पोचू शकते. `v2` मध्ये प्रत्येक नोंदीला `client_ref` सक्तीचं आहे, म्हणजे तीच नोंद दोनदा आली तर ओळखता येते. जुनं ॲप ते पाठवत नाही, म्हणून नवा सर्व्हर ४०० देत होता. इथवर अपेक्षितच. प्रश्न होता, ४०० मिळाल्यावर २.६ करतं काय?

एम्युलेटर विमान मोडवर टाकला, पाच नोंदी केल्या, विमान मोड काढला. पाचही ४००. ॲपच्या यादीत मात्र पाचही नोंदींपुढे हिरवी खूण. सर्व्हरवर एकही नाही. गिटमध्ये जाऊन पाहिलं:

```kotlin
if (resp.code() != 500) dao.delete(nond)
```

२०१९ मध्ये कुणीतरी, म्हणजे मीच, असं ठरवलं होतं की ५०० नसेल तर नोंद पोचली. ४०० आलं तरी पुसा. ४२९ आलं तरी पुसा. आणि ५०२ आलं तरी पुसा. सर्व्हर नवीन कोडसाठी बंद-चालू होताना एनजिनएक्स वीस-तीस सेकंद ५०२ देतं. म्हणजे गेली सहा वर्षं, आम्ही सकाळी संकलनाच्या वेळी कोड चढवला की काही केंद्रांच्या नोंदी उडत होत्या. 'महिन्यातून दोन-चार नोंदी गायब होतात' ही सचिवांची तक्रार आम्ही रेंजच्या नावावर खपवत होतो.

बाहेर असलेलं ॲप दुरुस्त करता येत नाही. त्याच्या समजुतीप्रमाणे सर्व्हरने वागायचं:

एक, `/v1/` वर एनजिनएक्समध्ये ५०२, ५०३ आणि ५०४ यांचं ५०० केलं.

```
location /v1/ {
  proxy_pass http://adapter;
  error_page 502 503 504 =500 /juna_err.json;
}
```

दोन, `/v1/` वरची नोंद सर्व्हर आता कधीच नाकारत नाही. पटली तर खात्यात जमा, नाही पटली तर कच्च्या रूपात वेगळ्या तक्त्यात ठेवायची आणि ॲपला २०० द्यायचं. तो तक्ता रोज आम्ही बघायचा. वेग मर्यादेचं ४२९ सुद्धा `/v1/` वरून काढलं, कारण रेंज आल्यावर साठलेल्या सत्तर नोंदी एकदम येतात आणि नेमका तेव्हाच मर्यादेचा फटका बसतो.

तीन, `client_ref` आम्हीच तयार करायचं. आधी संस्था, खाते क्रमांक, तारीख आणि सत्र यांवरून केलं. सहकारी म्हणाली, "आणि एकाच घरातून गाईचं आणि म्हशीचं दूध वेगवेगळ्या किटलीत आलं तर?" दुसरी किटली 'आधीच आलेली' म्हणून गळाली असती. आता नोंदीची सेकंदापर्यंतची वेळ, लिटर आणि फॅट हेही त्यात आहेत. नोंदीची वेळ ॲप साठवतानाच लिहितं, पाठवताना नाही, हे चारही व्हर्जन्समध्ये कोड वाचून आणि विमान मोडने दोन्ही प्रकारे पाहिलं. पाठवताना लिहीत असतं तर प्रत्येक पुनःप्रयत्नाला नवी ओळख मिळाली असती.

सोमवार, २३ जून

चार व्हर्जन्स, नऊ प्रकार, छत्तीस चाचण्या. साडेचार तास लागले. सगळ्या पास, आणि या वेळी लॉग हलताना पाहिला. एक जुना मोबाइलही घेतला, अँड्रॉइड ७ चा, २,८०० रुपयांना, कारण २.६ वापरणाऱ्या केंद्रांवर तसलेच आहेत. त्याच्यावर वेगळं काही सापडलं नाही.

रात्री पाच संस्थांची वाहतूक नव्या सर्व्हरकडे वळवली.

मंगळवार, २४ जून

सकाळी ७:५० ला पहिला फोन. सचिवकाका हसत होते, हे बरं. "साहेब, आमच्या गावात आज दुधाला सोन्याचा भाव आला. एकाच्या मोबाइलवर आलंय, आजचं दूध ७.३ लिटर, रक्कम रुपये २५३३१."

शंभरपट. ज्याच्यासाठी किंमती ताडून बघितल्या तेच. पण ॲप उघडलं की आत बरोबर २५३.३१. चूक फक्त नोटिफिकेशनमध्ये.

कारण असं: नोटिफिकेशन ॲप मागत नाही, सर्व्हर पाठवतो. ते `/v1/` मधूनही जात नाही आणि `/v2/` मधूनही नाही. व्हर्जनचा पत्ताच नसलेली ती वाट आहे, आणि माझा पातळ थर पत्त्यावर बसला होता. नव्या कोडने `amount` मध्ये पैसे भरले, फायरबेसने ते सगळ्यांना दिले, जुन्या ॲपने समोर 'रुपये' चिकटवून दाखवले. छत्तीस चाचण्यांत हे का नाही दिसलं? चाचणीच्या सर्व्हरवर फायरबेसची किल्लीच नव्हती. चुकून खऱ्या शेतकऱ्यांना संदेश जाऊ नयेत म्हणून मीच ती कधीतरी काढून ठेवली होती.

९:४० ला दुरुस्ती चढवली. कोणता टोकन कोणत्या व्हर्जनचा हे ३.४ च्या आधीचं माहीतच नाही, त्यामुळे व्हर्जन बघून वेगळं पाठवणं शक्य नव्हतं. दोन्ही किल्ल्या एकदम जातात:

```json
{"amount": "253.31", "amount_paise": "25331"}
```

`amount` चा अर्थ आता कायमचा रुपये, दोन दशांशांसह, मजकूर म्हणून. जुनं ॲप ते जसंच्या तसं दाखवतं, म्हणून २५३.३० ला "253.3" जाणार नाही याचीही काळजी घेतली. नवं ॲप दुसरी किल्ली वाचतं. `v2` च्या आराखड्यातही आता रकमेच्या प्रत्येक फील्डच्या नावात `_paise` आहे. सुरुवातीला आम्ही नाव तेच ठेवून एकक बदललं होतं. मुळात तीच चूक.

बुधवार, २५ जून

काल दुरुस्त केलेली चूक आज पुन्हा सहा जणांना दिसली. कोड तपासला, बरोबर होता. संदेश कालचेच होते. मोबाइल बंद असेल तर फायरबेस संदेश धरून ठेवतं, आणि मुदत दिली नसेल तर चार आठवड्यांपर्यंत. पाठवलेला संदेश परत बोलावता येत नाही. `collapse_key` दिलेली असती तर नव्या संदेशाने रांगेतला जुना पुसला असता, पण आम्ही ती कधी दिली नव्हती.

आता रोजच्या नोंदीच्या संदेशाला बारा तासांची मुदत आहे आणि `collapse_key` सुद्धा. कालचे उरलेले किती जणांकडे पोचायचे बाकी आहेत ते मोजता येत नाही. पाचही संस्थांच्या सचिवांना फोन करून सांगितलं, व्हॉट्सॲप गटावर टाकायला मजकूर दिला. या सगळ्यात माझा दीड दिवस गेला, सचिवांचा किती गेला ते त्यांनी सांगितलं नाही.

चाचणीच्या सर्व्हरला वेगळा फायरबेस प्रकल्प जोडून उपयोग नव्हता, कारण जुन्या एपीकेत खऱ्या प्रकल्पाचीच ओळख कोरलेली आहे. म्हणून खरी किल्ली परत लावली, पण आमच्या चार चाचणी टोकनांपलीकडे कुणालाही संदेश जाणार नाही अशी अट सर्व्हरमध्ये घातली. नऊ प्रकारांत दहावा वाढला.

त्याच दुपारी बसून, सर्व्हरकडून ॲपकडे जाणारी आणखी कोणती वाट बिनव्हर्जनची आहे, याची यादी केली. दोन निघाल्या. एक एसएमएस, त्यात रक्कम जात नाही. दुसरी बिलाची पीडीएफ, तिचा पत्ता `/bill/` असा थेट आहे. पीडीएफ सर्व्हरच बनवतो, ती बरोबर होती. पण तिच्या फाइलच्या नावात तारखेचं रूप बदललं होतं आणि २.९ ते नाव तोडून महिना काढतं. हे कुणालाही दिसण्याआधी सापडलं, एवढं समाधान.

गुरुवार, ३ जुलै

२१ ते ३० जूनची बिलं पाचही संस्थांत दोन्ही सर्व्हरवर काढून ताडली. फरक फक्त पैशांच्या बेरजेचे, तेही दोनाच्या आत. कच्च्या नोंदींच्या तक्त्यात आठ दिवसांत अकरा नोंदी जमल्या. नऊमध्ये फॅट ० होतं, मशीन बंद होतं म्हणून. दोनमध्ये मोबाइलची तारीख १ जानेवारी १९७०. या अकरा नोंदी जुन्या पद्धतीत ४०० खाऊन पुसल्या गेल्या असत्या. सचिवांना फोन करून वहीवरून भरून घेतल्या.

बाकी सगळ्या संस्था रविवारी संध्याकाळच्या संकलनानंतर वळवणार.

शुक्रवार, ११ जुलै

सगळी वाहतूक नव्या सर्व्हरवर येऊन पाच दिवस झाले. आठ दिवसांच्या कामाला सहा आठवडे लागले. खर्च: दुसरा सर्व्हर चालू ठेवण्याचे महिन्याचे साधारण ३,१०० रुपये आणि तो २,८०० चा मोबाइल.

`v1` कधी बंद करायचं, हा प्रश्न उरतो. उत्तरात `Sunset` हेडर लावून ठेवला आहे, पण तो कुणी वाचत नाही, २.६ तर नाहीच. सक्तीने अपडेट मागणारी स्क्रीन ३.१ पासून आहे. त्याआधीच्या ॲपशी बोलायची एकच जागा सापडली. लॉगिनला नकार आला की २.६ सर्व्हरच्या उत्तरातलं `message` जसंच्या तसं डब्यात दाखवतं. जुन्या व्हर्जनवर टोकन दर तीन महिन्यांनी संपतं. तेव्हा पहिल्या लॉगिनला नकार देऊन मराठीत 'ॲप जुनं झालं आहे, या क्रमांकावर फोन करा' असं दाखवतो. दहा मिनिटांत पुन्हा प्रयत्न केला की लॉगिन होऊ देतो, म्हणजे संकलन अडत नाही.

४३ पैकी २६ मोबाइल अजून २.६ वर आहेत. काल एका सचिवांचा फोन आला, डबा बघून. नवं ॲप टाकायला जागा नव्हती, मोबाइलमध्ये भजनांचे चार जीबी व्हिडिओ होते. ते काढायला ते तयार नाहीत. त्यांच्यासाठी मेमरी कार्ड कुरिअरने पाठवलं आहे, २९० रुपये.